वांग्याला 22 दिवस, टोमॅटोला 3: किडनाशकाचे लेबल फवारणीआधी कसे वाचावे

बडोद्याहून पादऱ्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाजीपाल्याची शेते लागतात. तिथेच माझ्या मामांची वांगी आहेत. सातबाऱ्यावर 0-40-00, म्हणजे 40 आर, म्हणजे साधारण एक एकर, आणि कडेला भेंडीच्या चार ओळी. गेल्या हंगामात मी गेलो तेव्हा वांग्याचे शेंडे मलूल होऊन खाली वाकले होते. शेंडा व फळ पोखरणारी अळी आत शिरल्याची ही पहिली खूण आहे. मामांनी दुकानातून 60 मिलीची एक बाटली आणली होती आणि दुकानदाराने त्यांना एकच वाक्य सांगितले होते: "हिरवा त्रिकोण आहे, काळजी नाही, पंपाला 6 मिली टाका." बाटलीवर क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 टक्के एससी असे लिहिले होते. औषध खरे होते आणि वांग्याच्या अळीसाठी मंजूरही होते. तरीही त्या दिवशी ते फवारणे चुकीचे ठरले असते आणि त्याचे कारण त्याच बाटलीसोबतच्या घडीच्या पत्रकात छापलेले होते. ते कारण कसे शोधायचे, हे पुढे क्रमाने सांगतो.

पैसे देण्याआधी

बाटलीवर सर्वांत मोठ्या अक्षरांत असते ते कंपनीने दिलेले विक्रीचे नाव, आणि आपल्या दृष्टीने तेच सर्वांत कमी कामाचे असते. त्याच्याखाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचे नाव, त्याचे टक्के आणि प्रकार असतो. वाचायची ती ही ओळ. एकच मूळ औषध आज अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात, त्यामुळे "हे एक आणि ते एक, दोन्ही मिसळा" असा सल्ला मिळाल्यावर दोन्ही बाटल्यांत एकच द्रव्य निघू शकते आणि शेतात नकळत दुप्पट मात्रा पडते. याच्या उलटही घडते. बाटलीवर मूळ नावासोबत अधिकचे चिन्ह आणि दुसरे नाव असेल, तर ते मिश्रण आहे. एकट्या औषधाची मात्रा आणि दिवस त्याला लागू होत नाहीत, त्याचे पत्रक वेगळे वाचावे लागते.

प्रकाराची अक्षरे तुम्ही औषध मोजणार कसे हे ठरवतात. एससी हे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांचे घट्ट द्रव असते. ते बाटलीत खाली बसते, म्हणून ओतण्याआधी बाटली चांगली हलवली नाही, तर पहिल्या पंपात पातळ आणि शेवटच्या पंपात दाट औषध जाते. एसजी हे पाण्यात विरघळणारे दाणे असतात. ते ग्रॅममध्ये तोलायचे असतात, झाकणाने मोजायचे नसतात, कारण झाकणात मावणाऱ्या मिलीलिटरचा आणि ग्रॅमचा काही संबंध नसतो.

यानंतर नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख पाहावी. 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम यांनुसार कीड मारण्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक औषधाची नोंदणी लागते, आणि कडुनिंबाची, जिवाणूंची किंवा बुरशीची औषधेही त्यातून सुटत नाहीत. त्यामुळे "पूर्ण जैविक, अळीवर शंभर टक्के" असे लिहिलेल्या बाटलीवर सीआयआरने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल, तर ती परत ठेवावी. आत काय आहे हे कोणी तपासलेले नसते, म्हणून तिच्यावरचे दिवस आणि मात्रा यांना आधार नसतो. बिल मागावे आणि त्यावर बॅच क्रमांक लिहून घ्यावा. नियमानुसार विक्रेत्याने बिल द्यायचेच असते. पुढे पीक जळाले किंवा औषधाचा परिणाम झाला नाही, तर तक्रार याच कागदावर उभी राहते.

त्रिकोण काय सांगतो आणि काय सांगत नाही

लेबलाच्या दर्शनी भागावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. मधली रेघ त्याचे दोन त्रिकोण करते. वरच्या त्रिकोणात शब्द किंवा चिन्ह असते आणि खालच्यात रंग. ढोबळपणे सगळे त्याला नुसताच "त्रिकोण" म्हणतात. नियमानुसार हा चौकोन लेबलाच्या दर्शनी भागाच्या किमान सोळाव्या हिश्श्याएवढा असला पाहिजे, म्हणून तो शोधावा लागत असेल, तर लेबलातच काही खोट आहे असे समजावे.

लाल रंगावर कवटी, हाडे आणि "विष" हा शब्द असतो. ही अत्यंत विषारी औषधे. पिवळ्यावर कवटी नसते, पण "विष" हाच शब्द लाल अक्षरांत असतो, आणि ही बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही: पिवळा म्हणजे मध्यम नव्हे, पिवळा म्हणजे अति विषारी. निळ्यावर "धोका" अशा अर्थाचा शब्द असतो आणि हिरव्यावर "सावधान" अशा अर्थाचा. आपल्याकडच्या बाटल्यांवर हे इंग्रजीत, हिंदीत किंवा गुजरातीत छापलेले असते. गुजराती लिपी वाचता येत नसेल, तर नुसत्या रंगावर जाऊ नये, शेजारची हिंदी ओळही वाचावी.

हे रंग ठरतात प्रयोगातल्या प्राण्यांवरून. पोटात गेल्यावर निम्मे प्राणी मरतात ती मात्रा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे 1 ते 50 मिलिग्रॅम असेल तर लाल, 51 ते 500 पिवळा, 501 ते 5000 निळा आणि 5000 च्या वर हिरवा. कातडीवाटे शरीरात जाण्याचे आकडे वेगळे आहेत, पण विचार तोच. थोडक्यात, त्रिकोण एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: हे औषध एकदम अंगावर सांडले किंवा पोटात गेले, तर किती लवकर आणि किती जबर अपाय होईल? हा प्रश्न औषध कालवणाऱ्याचा आणि फवारणाऱ्याचा आहे.

अळी किती मरेल, हे त्रिकोण सांगत नाही. "लाल म्हणजे कडक, अळी हमखास जाते" ही समजूत म्हणूनच खोटी आहे. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल अळीच्या स्नायूंतल्या कॅल्शियमचे नियंत्रण बिघडवते, त्यामुळे अळीचे खाणे लगेच थांबते आणि ती लुळी पडते. सस्तन प्राण्यांच्या स्नायूंवर त्याचा तसा जोर चालत नाही, म्हणून अळीवर जालीम असूनही त्याचा त्रिकोण हिरवा. पाण्यातल्या बारीक जिवांवर मात्र तेच औषध फार घातक आहे, आणि हेही त्रिकोणातून कळत नाही. ते पत्रकातल्या सूचनांमध्ये असते. तळ्याकाठी किंवा विहिरीवर पंप धुऊ नये, ही सूचना हिरव्या बाटलीलाही तितकीच लागू आहे.

आणि आपल्या विषयाची मुख्य गोष्ट ही की फवारल्यानंतर किती दिवसांनी फळ तोडावे, याबद्दल त्रिकोण एक शब्दही बोलत नाही. मामांची आणि दुकानदाराची चूक नेमकी इथे होती. हिरवा पाहून दोघांनीही दिवस कमी असतील असे गृहीत धरले.

पत्रकातली एक ओळ

बाटलीच्या खोक्यात किंवा तिच्या गळ्याला अडकवलेले घडीचे पत्रक असते. अक्षरे इतकी बारीक असतात की चष्म्यानेही दमायला होते, म्हणून मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचणे सोयीचे. त्यात एक तक्ता असतो, आणि सगळे त्या तक्त्यावरच ठरते. रकाने साधारण असे असतात: पीक, कीड, हेक्टरी मात्रा (आधी मूळ द्रव्य ग्रॅममध्ये, मग बाटलीतले औषध मिली किंवा ग्रॅममध्ये), हेक्टरी पाणी, आणि शेवटी "वेटिंग पिरियड", हिंदीत "प्रतीक्षा अवधि", म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यामधले दिवस.

आपले पीक या तक्त्यात नसेल, तर ते औषध आपल्यासाठी नाही. कीड तीच असली, तरी नाही. मंजुरी औषधाला सरसकट मिळत नाही, एका पिकावरच्या एका किडीसाठी मिळते, आणि यादीत नसलेल्या पिकासाठी मात्रा किंवा दिवस पत्रकात सापडतच नाहीत. गुजराती पत्रकात वांग्याला "रींगण" आणि हिंदीत "बैंगन" म्हणतात, हे लक्षात ठेवले की ओळ पटकन सापडते.

मामांच्या बाटलीच्या तक्त्यात मला ज्या ओळी हव्या होत्या, त्या अशा. वांग्यातील शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी हेक्टरी 200 मिली, पाणी 500 ते 750 लिटर, प्रतीक्षा 22 दिवस. टोमॅटोतील फळ पोखरणाऱ्या अळीसाठी हेक्टरी 150 मिली, प्रतीक्षा 3 दिवस. भेंडीसाठी हेक्टरी 125 मिली, प्रतीक्षा 5 दिवस. बाटली एक, त्रिकोण एक, आणि तरी तोडणीचे दिवस 3, 5 आणि 22. तुम्ही हा लेख वाचत असताना तुमच्या हातातल्या पत्रकात वेगळा आकडा असेल, तर पत्रकच प्रमाण माना, कारण मंजुरी बदलत राहते.

हे दिवस औषधाला चिकटलेले नसून औषध आणि पीक यांच्या जोडीचे असतात, हे एकदा पक्के झाले की बहुतेक गोंधळ संपतो. प्रत्येक पिकात मात्रा वेगळी, फळाची साल वेगळी, वाढीचा वेग वेगळा, आणि त्या फळात किती अंश राहिलेला चालेल याची कायदेशीर मर्यादाही वेगळी. प्रतीक्षेचे दिवस हे सगळे मिळून ठरतात.

"पंपाला 6 मिली" कुठून येते

आता मात्रा. तक्त्यात ती हेक्टरी असते, दुकानात ती पंपाला सांगितली जाते, आणि या दोहोंच्या मध्ये तुमच्या चालण्याचा वेग असतो. 40 आर म्हणजे 0.40 हेक्टर. वांग्याला हेक्टरी 200 मिली, म्हणून मामांच्या शेताला 80 मिली. बाटली होती 60 मिलीची. ती "एकरी बाटली" म्हणून विकली जाते, कारण हेक्टरी 150 मिलीच्या पिकांना, म्हणजे उदाहरणार्थ टोमॅटोला, एकरी बरोबर 60 मिली बसते. वांग्याला ती पाव हिस्सा कमी पडते. दुकानदाराने फसवले नव्हते, त्याने दुसऱ्या पिकाच्या गणिताची बाटली दिली होती.

पंपाला 6 मिली हा आकडा मात्र वांग्याचाच आहे. हेक्टरी 200 मिली औषध 500 लिटर पाण्यात, म्हणजे लिटरला 0.4 मिली, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 6 मिली. पण तो खरा ठरतो तो 40 आरावर 200 लिटर पाणी पडले तरच. ते पडते का, हे तपासायला साधे पाणी पुरते. दोरी आणि खुंट्या घेऊन 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद तुकडा, म्हणजे एक आर, आखावा. पंपात मोजून 15 लिटर स्वच्छ पाणी भरावे, नेहमीच्या चालीने आणि नेहमीच्या नोझलने तो तुकडा फवारावा, आणि उरलेले पाणी मोजावे.

मामांच्या पंपात 11 लिटरहून थोडे अधिक उरले. एका आराला पावणेचार लिटरच गेले होते, म्हणजे 40 आराला 150 लिटर, म्हणजे 10 पंप. पंपाला 6 मिली या हिशेबाने शेतात 80 ऐवजी 60 मिली गेले असते आणि पानांच्या खालच्या बाजूला कदाचित काहीच पोहोचले नसते. इथे दोन मार्ग असतात. औषध तेवढेच ठेवून प्रत्येक पंपात 8 मिली टाकायचे, किंवा पाणी लेबलावर सांगितले आहे तेवढे करायचे. वांग्याच्या झुडपाला पाला दाट असतो आणि अळी शेंड्यात व फुलोऱ्यात घुसते, म्हणून मी दुसरा मार्ग घ्यायला सांगितला. मामा हळू चालले, प्रत्येक ओळ दोन्ही बाजूंनी फवारली, आणि दुसऱ्या चाचणीत एका आराला 5 लिटर गेले. 40 आराला 200 लिटर.

त्यानंतर पंपाचे गणित करायची गरजच उरली नाही. मळ्यावर 200 लिटरचे पिंप होते. संपूर्ण शेताचे औषध आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवायचे, पिंपात ओतून पाणी 200 लिटरपर्यंत आणायचे, काठीने ढवळत राहायचे आणि पिंप त्याच दिवशी संपवायचे. पिंप संपले आणि शेतही संपले, तर मात्रा बरोबर पडली. शेत बाकी असताना पिंप संपले, तर चाल हळू होती किंवा आखणी चुकली, हे लगेच कळते. बादलीला आणि पिंपाला लागणारे भांडे स्वयंपाकघरात कधीही परत जाता कामा नये. औषध मोजायला दुकानातली खुणांची मापनळी किंवा सुई काढलेली पिचकारी घ्यावी. बाटलीचे झाकण माप नसते.

वीघ्याच्या हिशेबाबद्दल एक शब्द. आपल्याकडे शेत वीघ्यात सांगतात, पण वीघा गावागणिक लहानमोठा होतो, म्हणून मात्रेचा हिशेब नेहमी सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आर-चौरस मीटरवरून करावा.

22 दिवस वांग्यात कसे बसतात

इथपर्यंत मात्रा जमली होती. अडले ते दिवसांवर. मी मामांना विचारले, "पहिला तोडा कधी?" ते म्हणाले, "दहा-बारा दिवसांत निघेल, बारकी फळं लागलीच आहेत." मग हे औषध बसतच नव्हते. फवारणीचा दिवस शून्य धरायचा आणि दुसऱ्या दिवसापासून मोजायचे. 10 ऑक्टोबरला फवारले, तर 22 वा दिवस 1 नोव्हेंबरला येतो. तोवर वांग्याचे निदान दोन-तीन तोडे होऊन गेलेले असतात. एकदा तोडणी सुरू झाली की वांगी दर चार-पाच दिवसांनी निघतात आणि फुलापासून बाजारात जाण्याजोगे फळ व्हायला जेमतेम तीन आठवडे लागतात. म्हणजे फवारणीच्या दिवशी झाडावर दिसणारे प्रत्येक फळ 22 दिवस संपण्याआधीच खंडेराव मार्केटच्या टोपलीत पोहोचलेले असते.

म्हणून वांग्यात या औषधाची जागा तोडणीच्या बऱ्याच आधी आहे. लागवडीनंतर शेंडे वाकू लागतात पण पहिला तोडा अजून तीन आठवड्यांहून लांब असतो, ती खिडकी त्याची. ती उघडी आहे की नाही, हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो: आजच्या तारखेत प्रतीक्षेचे दिवस मिळवल्यावर येणारी तारीख पहिल्या तोड्याच्या अलीकडे पडते की पलीकडे? पलीकडे पडली, तर बाटली सीलबंद परत ठेवायची. मामांनी तशीच ठेवली, थंड आणि कुलूपबंद जागी, मूळ पत्रकासकट, पुढच्या लावणीसाठी, तिची मुदत संपण्याची तारीख पाहून.

त्यांच्या वांग्यांसाठी आम्ही एमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के एसजी घेतले. त्याच्या तक्त्यात वांग्याच्या याच अळीसाठी हेक्टरी 200 ग्रॅम, पाणी 500 लिटर आणि प्रतीक्षा 3 दिवस आहे. 40 आराला 80 ग्रॅम, 200 लिटरच्या पिंपात. गंमत अशी की पोटात गेल्यास होणाऱ्या अपायाच्या दृष्टीने एमामेक्टिनचे मूळ द्रव्य क्लोरॅन्ट्रानिलीप्रोलपेक्षा कितीतरी जहाल आहे, आणि तरी तोडणीचे दिवस 22 ऐवजी 3. उन्हात ते पानाफळांच्या पृष्ठभागावर लवकर मोडते. त्याच कारणाने ते भर दुपारी फवारू नये, संध्याकाळी फवारावे. फवारणाऱ्याने हातमोजे, बूट, पूर्ण बाह्या आणि तोंडावर मास्क वापरावा, आणि या औषधाच्या वेळी यात अजिबात ढिलाई करू नये. फवारणी सुरक्षित आहे की नाही आणि खाणे सुरक्षित आहे की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे लेबलाच्या दोन वेगळ्या जागी आहेत.

फवारणीआधी मलूल शेंडे आणि छिद्र पडलेली फळे कापून गोळा केली आणि शेताबाहेर नेऊन खोल पुरली. आत बसलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही, आणि ती तशीच राहिली तर आठवड्याने "औषध चालले नाही" असे वाटते आणि लोक मात्रा वाढवतात.

कडेच्या भेंडीचे काय झाले

भेंडीच्या चार ओळी मामा त्याच पिंपातून उरकणार होते. एमामेक्टिनच्या तक्त्यात भेंडी आहे, पण हेक्टरी 135 ते 170 ग्रॅम आणि प्रतीक्षा 5 दिवस. वांग्याच्या पिंपातले द्रावण भेंडीवर टाकले, तर मात्रा मर्यादेच्या वर जाते आणि मग त्या 5 दिवसांना अर्थ उरत नाही. भेंडीला वेगळा पंप करायचा, तर 500 लिटर पाण्याच्या हिशेबाने 15 लिटरला 4 ते 5 ग्रॅम. पण भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. पाच दिवसांत दोन तोडे जून होऊन टाकून द्यावे लागतात, आणि त्या शेंगा विकायच्या नाहीत, घरी खायच्या नाहीत, जनावरांनाही घालायच्या नाहीत. त्या दिवशी भेंडीत किडलेल्या शेंगा मोजक्याच होत्या, म्हणून आम्ही त्या हाताने वेचल्या आणि भेंडी फवारलीच नाही. वांग्याची शेवटची ओळ भेंडीला लागून होती, म्हणून ती वारा भेंडीकडून वांग्याकडे वाहत असताना फवारली, नाहीतर उडालेल्या फवाऱ्याचे दिवस भेंडीलाही मोजावे लागले असते.

दिवस पुन्हा शून्यावर कधी येतात

प्रतीक्षेचे दिवस एका गृहीतावर उभे असतात: लेबलावरची मात्रा, लेबलावरचे पाणी, लेबलावरचे पीक. मात्रा दुप्पट केली, की हे गृहीत मोडते. पिकावरचा अंश साधारण ठरावीक काळाने निम्मा होत जातो, म्हणून दुप्पट औषध सुरुवातीच्या पातळीपर्यंत उतरायलाच एक अख्खा निम्मे होण्याचा काळ जास्त लागतो, आणि तो किती हे पत्रकात नसते. "दोन दिवस जास्त थांबतो" हे उत्तर म्हणूनच चालत नाही. तुम्ही ते मोजू शकत नाही.

फवारल्यावर तासाभरात पाऊस आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारले, तर दिवस दुसऱ्या फवारणीपासून मोजायचे. दोन औषधे एकत्र फवारली असतील, तर ज्याचे दिवस जास्त ते दोन्हींना लागू. आणि फळ धुतल्याने प्रतीक्षा कमी होत नाही. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल पानाच्या आत शिरते आणि एमामेक्टिनही पानाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंत जाते. नळाखाली धुतल्याने पृष्ठभागावरची धूळ जाते, आत मुरलेले जात नाही.

शेतात शिरण्याचा वेळ ही आणखी वेगळी गोष्ट आहे. तो पत्रकात दिलेला असेल तर पाळावा, नसेल तर फवारा पूर्ण सुकल्याशिवाय कोणालाही ओळींत पाठवू नये. तोडणीचे दिवस 3 असले, म्हणून तासाभराने निंदणी करायला हरकत नाही, असे होत नाही.

कोणाला मळमळ, घाम, डोळे चुरचुरणे किंवा चक्कर असा त्रास झाला, तर बाटली किंवा पत्रक सोबत घेऊन दवाखान्यात जावे. लेबलावर उताऱ्याची ओळ असते. या दोन्ही औषधांना ठरावीक उतारा नाही, लक्षणांवर उपचार होतात. सेंद्रिय फॉस्फरस गटाच्या औषधांना मात्र अॅट्रोपिन हा उतारा आहे, म्हणून डॉक्टरांना मूळ औषधाचे नाव कळणे फार महत्त्वाचे. दूध किंवा तूप पाजून वेळ घालवू नये. पत्रक समजले नाही, तर किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या मोफत क्रमांकावर बाटलीवरचे मूळ नाव वाचून दाखवून विचारता येते.

मामांच्या मळ्यातल्या खोलीच्या दारावर आता खडूने चार रकाने लिहिलेले असतात: फवारल्याची तारीख, औषधाचे मूळ नाव, पीक आणि त्याखाली ठळक "या तारखेआधी तोडू नका". त्या दिवशी तिथे लिहिले गेले ते असे: 10 ऑक्टोबर, एमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के एसजी, वांगी, 13 ऑक्टोबर. मामांनी तोडणीसाठी येणाऱ्या बायकांना 14 तारखेला बोलावले. भेंडीच्या चार ओळींना खुंट्या ठोकून दोरी बांधली होती, कारण त्यांत फवारणी झाली नव्हती आणि ती भेंडी दुसऱ्याच दिवशी तोडायला हरकत नव्हती.